जुना सिनेमा मंडळात दाखवायचा आहे; हक्क कुणाचे?

पत्र

आमचं धरमपेठेत ज्येष्ठ नागरिक मंडळ आहे. पुढच्या कार्यक्रमात छोट्या सभागृहात ‘जगाच्या पाठीवर’ दाखवायचं ठरलं. पुतण्या म्हणतो, “काकू, साठ वर्षं होऊन गेली, तो पब्लिक डोमेनमध्ये आहे. यूट्यूब प्रोजेक्टरला जोडा, कोण काय म्हणते!” आमचे अध्यक्ष म्हणतात, गाण्यांचे हक्क अजून जिवंत आहेत, मंडळावर केस होईल. काहींना ‘सोंगाड्या’ही हवा आहे. शिवाय ‘एक धागा सुखाचा’ या गाण्याचा तुकडा कापून वर्धापनदिनाच्या व्हिडिओत घालायचा आहे आणि तो व्हिडिओ इंटरनेटवर टाकायचा आहे. खरं कोणाचं? आणि घरी बसून असे जुने सिनेमे कायदेशीरपणे पाहायचे तर कुठे?

– एक वाचक, नागपूर

उत्तर

ताई, पुतण्याचं साठ वर्षांचं गणित बरोबर आहे आणि अध्यक्षसाहेबांचं गाण्यांबद्दलचं म्हणणंही बरोबर आहे. तरीही दोघांनी काढलेले निष्कर्ष चुकलेत. ‘जगाच्या पाठीवर’ तुम्ही दाखवू शकता, पण यूट्यूबवरून नाही. गाण्याचा तुकडा कापून व्हिडिओत घालायचा असेल तर परवानगी लागेल. आणि ‘सोंगाड्या’ आत्ता विनापरवानगी दाखवता येणार नाही.

आधी गणित पाहू. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटावरचा हक्क तो प्रकाशित झाल्यापासून साठ वर्षं टिकतो, पण मोजणी प्रदर्शनाच्या तारखेपासून होत नाही. ज्या वर्षी चित्रपट लोकांसमोर आला त्याच्या पुढच्या १ जानेवारीपासून साठ वर्षं धरायची. ‘जगाच्या पाठीवर’ १९६० चा. म्हणजे १ जानेवारी १९६१ पासून मोजायचं आणि ३१ डिसेंबर २०२० ला मुदत संपली असं धरायचं. १ जानेवारी २०२१ पासून चित्रपट म्हणून तो कोणाच्याही मालकीचा राहिलेला नाही. तोंडी हिशोबासाठी सोपी युक्ती अशी की प्रदर्शनाच्या वर्षात एकसष्ट मिळवा. जे वर्ष येईल त्याच्या पहिल्या दिवशी चित्रपट मोकळा होतो. ‘सोंगाड्या’ १९७१ चा, म्हणून त्याच्यासाठी १ जानेवारी २०३२ पर्यंत थांबावं लागेल.

ही मुदत पूर्वी पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या लेखनावरचा हक्क १९९१ अखेरीस संपणार होता. तेव्हा कायदा दुरुस्त करून सगळ्यांनाच दहा वर्षं वाढवून दिली गेली, आणि त्यात सिनेमेही आले. एका कवीसाठी केलेल्या दुरुस्तीमुळे आपले तमाशापट दहा वर्षं उशिरा मोकळे झाले, याची मला अजून गंमत वाटते.

वर्ष ठरवताना मात्र जपून. डीव्हीडीच्या वेष्टनावर २००६ किंवा २०१२ असं छापलेलं असतं, ते डीव्हीडीचं वर्ष. यूट्यूबवर व्हिडिओखाली एखाद्या कंपनीचं नाव आणि अलीकडचं साल दिसतं, ते त्या कंपनीने व्हिडिओ चढवल्याचं साल. सेन्सॉर प्रमाणपत्रावरची तारीखही निर्णायक नाही. डिसेंबरात प्रमाणपत्र मिळून जानेवारीत प्रदर्शित झालेला चित्रपट पुढच्या वर्षाचा धरला जातो. मोजायचं ते लोकांसमोर येण्याचं वर्ष. ‘जगाच्या पाठीवर’बद्दल शंका नाही, पण सीमेवरच्या एखाद्या चित्रपटासाठी त्या काळातल्या वर्तमानपत्रातली जाहिरात शोधलेली बरी. जुन्या ग्रंथालयात जपलेले अंक असतील तर ते काम तुमच्या मंडळातलं कोणीही आनंदाने करेल.

आता अध्यक्षसाहेबांचा मुद्दा, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. सिनेमाचा एकच सातबारा नसतो. चित्रपट हा एक गट, गाण्याचे शब्द दुसरा, चाल तिसरा, पटकथा-संवाद चौथा, आणि प्रत्येकाची मुदत वेगळी चालते. शब्द, संगीत आणि लेखन यांच्यावरचा हक्क त्या माणसाच्या हयातीपर्यंत आणि मृत्यूनंतरच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं राहतो. ‘जगाच्या पाठीवर’ची गीतं ग. दि. माडगूळकरांची आहेत. ते डिसेंबर १९७७ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या शब्दांवरचा हक्क ३१ डिसेंबर २०३७ पर्यंत आहे. संगीत सुधीर फडक्यांचं. ते जुलै २००२ मध्ये गेले, म्हणून चालींवरचा हक्क ३१ डिसेंबर २०६२ पर्यंत चालेल. ध्वनिमुद्रण मात्र याच्या उलट लवकर सुटतं, कारण त्याची मुदत चित्रपटासारखीच प्रकाशनापासून साठ वर्षं आहे. १९६० ला तबकडी निघाली असेल तर त्या मुद्रणावरचा हक्क संपलेला, पण त्यात गायलेले शब्द आणि चाल अजून कुणाच्या तरी मालकीची. हे हक्क वारसांकडे असतील किंवा कुठल्या कंपनीला विकले गेले असतील, दोन्ही शक्य आहे.

मग चित्रपटात ही गाणी आहेत, तर तो दाखवणं म्हणजे गाण्यांचा हक्क मोडणं नाही का? कायदा करणाऱ्यांनी नेमका याच अडचणीचा विचार केला होता. कलम ५२ मध्ये, कोणत्या कृतींनी हक्कभंग होत नाही अशा लांबलचक यादीत, एक छोटं पोटकलम आहे. चित्रपटाची मुदत संपली की त्यात मुद्रित झालेले शब्द, संगीत, नाट्य किंवा कलाकृती यांच्यावर स्वतंत्र हक्क शिल्लक असला तरी त्या चित्रपटाचं प्रदर्शन हा भंग नव्हे, असं ते सांगतं. ही तरतूद नसती तर एकाही गाण्याच्या भारतीय चित्रपटाला आपण मोकळा म्हणू शकलो नसतो. तुमचे अध्यक्ष वकिलीत होते असतील तर त्यांना ते ५२ (१) (य) उलगडून वाचायला सांगा. कायद्याच्या इंग्रजी प्रतीत ते वाय या अक्षराखाली आहे.

पण ते पोटकलम फक्त ‘प्रदर्शन’ म्हणतं, आणि म्हणूनच तुमच्या व्हिडिओची गोष्ट वेगळी पडते. ‘एक धागा सुखाचा’ कापून घेतलं की तुम्ही चित्रपट दाखवत नाही. तुम्ही माडगूळकरांचे शब्द आणि फडक्यांची चाल घेऊन एक नवी वस्तू बनवता आणि जगभर पाठवता. तिथे कलम ५२ चं ते संरक्षण तुमच्यापर्यंत पोहोचत नाही. मंडळाचा व्हिडिओ सभासदांना जमून एकदा दाखवणं आणि तो इंटरनेटवर चढवणं यातही फरक आहे. व्हिडिओ इंटरनेटवर जाणारच असेल तर गाणं वगळा किंवा परवानगी घ्या. गीतकार-संगीतकारांच्या वतीने परवाने देणारी इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी नावाची संस्था आहे, चौकशीची सुरुवात तिथून करता येईल. आणि याच कारणाने चित्रपटाच्या प्रती पेनड्राइव्हवर करून सभासदांना वाटू नका. दाखवायची मुभा मिळाली म्हणून प्रती काढायचीही मुभा मिळाली, असं कायदा स्पष्ट म्हणत नाही.

यूट्यूबची अडचण कॉपीराइटची नाही. खातं उघडताना आपण न वाचता मान्य केलेल्या अटींमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे की ही सेवा वैयक्तिक, बिगरव्यावसायिक वापरासाठी आहे आणि व्हिडिओ सार्वजनिकरीत्या पडद्यावर दाखवता येणार नाहीत. चित्रपट मोकळा असला तरी ती अट मोडतेच. शिवाय जाहिरात मध्येच येते आणि सभागृहाचं नेट ऐन क्लायमॅक्सला दगा देतं, तो भाग निराळा. डीव्हीडी किंवा व्हीसीडी मिळवा. जुन्या दुकानांत, सभासदांच्या कपाटांत या तबकड्या अजून सापडतात. वेष्टनावर ‘फक्त घरगुती वापरासाठी’ असा इशारा असेल. तो हक्कधारकाच्या नात्याने छापलेला असतो आणि चित्रपटावरचा हक्कच संपला असेल तर त्याला पूर्वीसारखा आधार उरत नाही. मात्र तबकडीवर नंतर घातलेली सबटायटल्स किंवा मुलाखत हे नवीन काम आहे, त्याची मुदत वेगळी. सबटायटल्स बंद करा, मुलाखत वगळा, प्रश्न मिटला. तुमच्या सभासदांना मराठी सबटायटल्स लागणारही नाहीत म्हणा.

याच धाग्यात रंगीत केलेल्या जुन्या चित्रपटांबद्दल सांगतो. ‘मुघल-ए-आझम’ १९६० चा, आणि २००४ मध्ये तो पूर्ण रंगवून पुन्हा प्रदर्शित केला गेला. मूळ आवृत्तीची मुदत २०२० ला संपली म्हणून २००४ ची रंगीत आवृत्ती मोकळी झाली असं धरू नका. तिच्यावर नव्या कामाचा दावा असू शकतो. (माझ्या मते पाहायची ती मूळ आवृत्तीच. रंगवलेल्या चेहऱ्यांवर हळद-चंदन लावल्यासारखं दिसतं.)

तुमच्या मंडळात कोणी ‘श्यामची आई’ सुचवेल, तेव्हा एक अडचण लक्षात ठेवा. तो चित्रपट १९५३ चा, आणि आत्ताचा कायदा जानेवारी १९५८ मध्ये लागू झाला. त्याआधीच्या इंग्रजी अमदानीतल्या कायद्यात ‘चित्रपट’ असा स्वतंत्र प्रकारच नव्हता. त्याकडे कधी छायाचित्रांची मालिका म्हणून, कधी नाट्यकृती म्हणून पाहिलं जाई. नाट्यकृती म्हणून पाहिलं तर मुदत लेखक-दिग्दर्शकाच्या मृत्यूशी जोडली जाण्याचा युक्तिवाद करता येतो, आणि आचार्य अत्रे १९६९ पर्यंत होते. व्यवहारात साठ वर्षांचाच हिशोब धरला जातो, म्हणजे २०१४ पासून मोकळा. पण १९५८ आधीच्या चित्रपटासाठी मी मंडळाला छातीठोकपणे ‘बिनधास्त लावा’ म्हणणार नाही. साने गुरुजींचं पुस्तक मात्र २०११ पासून मोकळं आहे, कारण गुरुजी १९५० मध्ये गेले. ते वाचायला कोणाचीही परवानगी नको.

‘सोंगाड्या’साठी दोन वाटा आहेत. एक, ज्यांच्याकडे आज हक्क आहेत त्यांना लेखी विचारा. पत्रात मंडळ नफ्यासाठी नाही, तिकीट नाही, प्रेक्षक साधारण किती आणि तारीख कोणती एवढं लिहा. अनेकदा नाममात्र शुल्कात होकार मिळतो, कारण असं कोणी विचारतच नाही. उत्तर आलं नाही तर त्याचा अर्थ होकार असा घेऊ नका. दुसरी वाट म्हणजे तो घरी पाहा.

घरी पाहण्याविषयी पुतण्याला एक दिलासा द्या. बॉम्बे हायकोर्टाने २०१६ मध्ये एका चित्रपटाच्या पायरसी प्रकरणात, ब्लॉक केलेल्या साइट्सवर दिसणाऱ्या धमकीवजा मजकुराबद्दल बोलताना स्पष्ट केलं होतं की नुसतं पाहणं हा गुन्हा नाही. गुन्हा आहे तो परवानगीशिवाय वाटप, सार्वजनिक प्रदर्शन, भाड्याने देणं अशा गोष्टींचा. पण याचा अर्थ चोरीची साइट वापरावी असा नाही. चित्रपट चढवणारा अजून दोषीच असतो, आणि अशा साइट्सवरून फोनमध्ये नको त्या गोष्टी उतरतात ही वेगळीच डोकेदुखी.

कायदेशीर वाटा तशा बऱ्याच आहेत. जुन्या चित्रपटांचे हक्क विकत घेतलेल्या कंपन्या स्वतःच ते यूट्यूबवर फुकट दाखवतात, जाहिरातीवर त्यांचं भागतं. राजश्री, शेमारू, अल्ट्रा अशा कंपन्यांची अधिकृत चॅनेल आहेत, अल्ट्राचं मराठीसाठी वेगळं ॲपही आहे. प्रसार भारतीने २०२४ मध्ये वेव्हज् नावाचं ॲप आणलं. माहितीपट पाहायचे असतील तर फिल्म्स डिव्हिजनचा जुना साठा अधिकृतपणे इंटरनेटवर आहे. आणि पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, जे १९६४ ला सुरू झालं आणि आता एनएफडीसी या सरकारी चित्रपट विकास महामंडळात विलीन आहे, तिथे जुन्या प्रती जपल्या जातात आणि त्यांच्या कार्यक्रमांत दाखवल्याही जातात. मात्र तिथे प्रत आहे म्हणून ती मागितली की मिळेल, असं होत नाही. संग्रहालयाकडे रिळं असतात, हक्क बहुतेक वेळा दुसऱ्याकडे.

चॅनेल खरं आहे की नाही हे ओळखणं फार कठीण नाही. चॅनेलच्या माहितीत कंपनीच्या स्वतःच्या साइटचा पत्ता असतो आणि त्या साइटवरून याच चॅनेलकडे दुवा येतो. चित्रपट अखंड असतो, श्रेयनामावलीसकट. चोरट्या प्रतीत चित्र उलटं फिरवलेलं असतं, म्हणजे पाटीवरची अक्षरं आरशातल्यासारखी दिसतात, किंवा कडा कापलेल्या असतात, आवाज किंचित वर चढवलेला असतो. हे सगळं यूट्यूबच्या आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेला चकवण्यासाठी केलेलं असतं. फडक्यांचा आवाज बारीक झाला तर समजून घ्या. नावात ‘फुल मूव्ही एचडी’ तीनदा लिहिलेलं असेल तर बघायचीही गरज नाही.

इंटरनेट आर्काइव्हवरही पुतण्या तुम्हाला नेईल. तिथे खरोखर मोकळे परदेशी चित्रपट आहेत, पण चढवणारे वापरकर्तेच असतात आणि ‘पब्लिक डोमेन’ ही खूणही तेच लावतात. त्या खुणेवर डोळे झाकून विसंबू नये. शिवाय एकच चित्रपट एका देशात मोकळा आणि दुसऱ्यात बंद असू शकतो. अमेरिकेत जुन्या चित्रपटांची मुदत प्रकाशनापासून पंच्याण्णव वर्षं आहे. ‘जगाच्या पाठीवर’ १९९६ च्या सुरुवातीला भारतात हक्काखाली होता, त्यामुळे तिकडच्या कायद्याने त्याला तिथेही संरक्षण मिळालं, आणि १९६० पासून मोजलं तर ते २०५५ अखेरपर्यंत चालेल. आपल्याकडे मोकळा असलेला चित्रपट पुतण्याने चढवला आणि अमेरिकन कंपनीने तो उतरवला, तर त्याने नागपुरातून वाद घालू नये.

आता सभागृहाचं. चित्रपट मोकळा झाला तरी सेन्सॉरचा कायदा सुटत नाही. सार्वजनिक प्रदर्शनाला प्रमाणपत्र हवं आणि दाखवलेली प्रत त्या प्रमाणपत्राशी जुळणारी हवी. पूर्वी कायद्यात प्रमाणपत्राची मुदत दहा वर्षं लिहिलेली होती, २०२३ च्या दुरुस्तीने ती कायमची केली. म्हणून तबकडी मिळाली की आधी पहिल्या मिनिटात प्रमाणपत्राची चौकट आहे का ते पाहा. चौकट कापलेली प्रत असेल तर दुसरी शोधा. तिकीट लावू नका, जाहिरात गावभर करू नका, कार्यक्रम सभासद आणि त्यांच्या कुटुंबीयांपुरता ठेवा. सभागृहाच्या परवान्याबद्दल पोलीस आयुक्तालयाच्या परवाना शाखेत तारखेच्या आधी एकदा विचारून घ्या. तिथे नेमकं काय लागतं ते ज्या सभागृहात बसणार त्याच्यावर अवलंबून आहे.

आणि कार्यक्रम मे महिन्यात ठरवला असेल तर पुढे ढकला. १९६० चा एकपदरी आवाज आणि सभागृहातले दोन मोठे कूलर यांचं जमत नाही, कूलर बंद करायला तुमचं मंडळ तयार होणार नाही. दिवाळीनंतर संध्याकाळी ठेवा. आदल्या दिवशी तबकडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्याच प्लेअरवर चालवून बघा, कारण जुन्या व्हीसीडी बहुतेक दुसऱ्या भागातच अडकतात.